पोस्टर अर्ध्या मिनिटात कळत नाही? मजकूर दुरुस्त करायचा क्रम

आधी लक्षणं. परीक्षक पोस्टरसमोर येतात, डाव्या कोपऱ्यातून वाचायला सुरुवात करतात आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीशी मान वर करून म्हणतात, "बरं, थोडक्यात सांग." तुम्ही सांगता, त्यांना कळतं. म्हणजे काम बरं आहे आणि तुम्हाला ते सांगताही येतं. कळत नाही ते फक्त भिंतीवर लावलेलं.

दुसरं लक्षण म्हणजे उत्तर छापलेलं असूनही लोक तेच विचारतात. "किती घरं घेतलीत?" "मग निघालं काय?" तुम्ही बोटानं दाखवता, "हे काय, इथे लिहिलंय." लिहिलेलं असतंच, पण चौदाव्या ओळीत.

तिसरं लक्षण फसवं आहे. बघणारा "छान केलंय" म्हणून पुढे जातो. ज्याला निष्कर्ष खरोखर कळतो तो सहसा छान म्हणत नाही. तो आकड्याला अडतो, "पाण्याच्या पिंपाला झाकण लावणारी घरं मुळात स्वच्छ राहणारी असतील त्याचं काय?" असं काहीतरी विचारतो. दिवसभरात एकही हरकत आली नाही तर पोस्टर कुणी वाचलेलं नाही असं समजा.

मुंबईत महाविद्यालयांच्या संशोधन स्पर्धा आणि विद्यापीठाचा 'आविष्कार' जवळ आला की माझ्याकडे अशी पोस्टरं येतात. विषय कुठलाही असो, बिघाड बहुधा एकच असतो: मजकूर प्रबंधातून उचलून चिकटवलेला असतो. प्रबंध वाचणारा बसलेला असतो आणि त्याला तो वाचावाच लागतो. पोस्टर वाचणारा उभा असतो, शेजारी दुसरं पोस्टर असतं, मागून कुणीतरी हाक मारत असतं. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरकडे आपण जसं चालता चालता बघतो, कुठली, फास्ट की स्लो, किती मिनिटांत, तसंच तो पोस्टरकडे बघतो.

अर्ध्या मिनिटात किती मावतं याचा हिशोब साधा आहे. निवांत बसून इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २०० ते २५० शब्द वाचतो, म्हणजे अर्ध्या मिनिटात शंभर-सव्वाशे. उभ्यानं, गोंगाटात त्यातले निम्मे धरा. मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात, त्यामुळे मी पन्नासच धरते. पोस्टरवर पन्नासच शब्द हवेत असा याचा अर्थ नाही. मुख्य म्हणणं, पद्धत आणि निकाल या तिन्ही गोष्टी पहिल्या पन्नास शब्दांत आल्या पाहिजेत. बाकीचा मजकूर खाली लहान अक्षरांत राहू दे, ज्याला रस असेल तो वाकून वाचेल.

दुरुस्ती दाखवायला एक नमुना घेऊ. हे पोस्टर मी शिकवण्यासाठी रचलेलं आहे, त्यातली घरं आणि मोजमापं काल्पनिक आहेत, तेव्हा कुणी ती आकडेवारी म्हणून पुढे पाठवू नये. विषय मात्र मुंबईकरांच्या ओळखीचा आहे. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं, लोक ते पिंपात भरून ठेवतात आणि शुद्धीकरणात घातलेला क्लोरीन साठवणीत हळूहळू कमी होतो. उघड्या आणि झाकलेल्या पिंपांत तो किती उरतो याची तुलना या नमुन्यात आहे. मूळ पोस्टर असं होतं:

> मुंबईतील चाळींमधील घरगुती साठवणुकीच्या पाण्यातील मुक्त अवशिष्ट क्लोरीनच्या ऱ्हासाचा तुलनात्मक अभ्यास
>
> पद्धती: निवडलेल्या घरांमधून पाण्याचे नमुने प्रमाणित कार्यपद्धतीनुसार संकलित करण्यात आले व त्यांतील मुक्त अवशिष्ट क्लोरीनचे मापन डीपीडी पद्धतीने विविध कालांतरांनी करण्यात येऊन प्राप्त माहितीचे सांख्यिकीय विश्लेषण करण्यात आले.
>
> निष्कर्ष: प्रस्तुत अभ्यासातून असे निदर्शनास आले की, साठवणुकीच्या भांड्याच्या प्रकारानुसार क्लोरीनच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळून येतो.

वर प्रस्तावना, उद्दिष्टं, पूर्वसंशोधन, खाली आठ ओळींचं कोष्टक आणि आभार. व्याकरणाची चूक एकही नाही, पण हे वाचून घरी काय घेऊन जायचं ते कळत नाही.

तपासणी १: अनोळखी माणूस आणि स्टॉपवॉच

ही फुकट आहे आणि पहिली हीच करायची, कारण कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय मजकुराला हात लावला तर लोक हमखास चांगली वाक्यंच बदलून बसतात.

पोस्टरची ए४ प्रत छापा. ए० कागद ए४ वर आणला की लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते. म्हणून ए४ प्रत ४० सेंटिमीटरवर धरून जे दिसतं, तेच खऱ्या पोस्टरवर १६० सेंटिमीटरवरून, म्हणजे हॉलमध्ये माणूस जिथे उभा राहतो तिथून दिसतं. ए४ वर वाचायला डोळे बारीक करावे लागले तर तिथेच अर्धं निदान झालं.

आता माणूस शोधा. तुमच्या प्रयोगशाळेतला नको, त्याला सगळं पाठ असतं. शेजारच्या विभागातली मुलगी चालेल, लायब्ररीतले काका चालतील. "काका, एवढं वाचता का? तीस सेकंदांनी मी कागद काढून घेणार." कागद काढून घेतल्यावर तीनच प्रश्न विचारायचे: हे काय म्हणतंय? कशावरून म्हणतंय? किती? त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची. मध्ये सुधारायचं नाही, मान हलवायची नाही, "नाही म्हणजे, खाली बघा ना" असं तर मुळीच म्हणायचं नाही.

उत्तरं वाचली की पुढची तपासणी कुठली ते आपोआप ठरतं. "पाण्यावर काहीतरी आहे" असं उत्तर आलं तर शीर्षक बिघडलंय. "फरक पडतो म्हणे" असं आलं तर निकालाचं वाक्य. "नमुने घेतले बहुतेक" म्हणजे पद्धत. तिन्हीला गप्प राहिले तर आधी तपासणी २ करा, कारण बऱ्याचदा वाक्यं ठीक असतात पण ती गाडली गेलेली असतात.

तपासणी २: वरचा थर काढणे

"पाणी म्हणजे जीवन" या वाक्यानं सुरू होणारी प्रस्तावना काढून टाका. पाण्याचं महत्त्व पटलेलं नाही असा माणूस त्या हॉलमध्ये नाही. उद्दिष्टं काढा, कारण ती बहुतेक वेळा शीर्षकाचेच चार तुकडे असतात. पूर्वसंशोधनातलं तुमच्या कामाला थेट लागणारं एक वाक्य ठेवा. आभार आणि संदर्भ तळाशी, बारीक अक्षरांत. एवढ्यानंच पोस्टरचा वरचा एक तृतीयांश भाग मोकळा होतो, आणि माणसाची नजर आधी तिथेच पडते.

आयोजकांनी "सारांश, प्रस्तावना, उद्दिष्टे" असे रकाने सक्तीचे केले असतील तर भांडू नका. रकाने ठेवा, प्रत्येकात दोन ओळी लिहा आणि पन्नास शब्दांचा ऐवज शीर्षकाखाली पट्टीत घाला.

तपासणी ३: शीर्षक विषय सांगतं की म्हणणं?

नमुन्याच्या शीर्षकात अकरा शब्द आहेत आणि शेवटचा शब्द 'अभ्यास' आहे. म्हणजे अकरा शब्द खर्चून वाचणाऱ्याला एवढंच कळलं की कुणीतरी कशाचा तरी अभ्यास केला. झाकणाचा उल्लेख नाही, क्लोरीन कमी झाला की टिकला ते नाही. शीर्षक हा पोस्टरवरचा सगळ्यात मोठ्या अक्षरांतला मजकूर. कित्येक जण तेवढंच वाचतात. त्यात म्हणणं नसेल तर पुढची दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

ओळखायची खूण सोपी: शीर्षकावर कुणी "नाही, मला पटत नाही" असं म्हणू शकतं का? 'तुलनात्मक अभ्यास' न पटण्यासारखं काहीच नाही. म्हणणं असेल तर हरकत घेता येते. शीर्षकात क्रियापद आहे का तेही बघा. क्रियापद नसलेलं शीर्षक जवळजवळ नेहमी नुसता विषय असतो.

पहिला प्रयत्न मुलं बहुधा असा करतात: "झाकण लावल्याने पिंपातले पाणी सुरक्षित राहते." वाचायला छान आणि दोन ठिकाणी खोटं. 'झाकण लावल्याने' म्हणजे झाकण हे कारण. पण या नमुन्यात घरांना झाकणं कुणी वाटलेली नव्हती; कुणाच्या पिंपावर आधीपासून होतं, कुणाच्या नव्हतं. झाकण ठेवणारी घरं पिंप वरचेवर घासतही असतील, आणि तळाला गाळ नसेल तर क्लोरीन तसाही कमी खर्च होतो. चिठ्ठ्या टाकून बारा घरांना झाकणं दिली असती तर 'झाकणामुळे' म्हणता आलं असतं. इथे फक्त 'झाकलेल्या पिंपांत' एवढंच म्हणता येतं. दुसरं खोटं 'सुरक्षित' या शब्दात आहे. मोजला तो क्लोरीन. जंतू तपासलेच नाहीत. क्लोरीन कमी असलं तर जंतूंपासून संरक्षण कमी, इतकंच म्हणता येईल. त्या पाण्यात जंतू होते असं नाही.

मजकूर सोपा करताना दावा फुगतो, आणि माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतला हा सगळ्यात धोक्याचा टप्पा आहे. मूळचं बोजड वाक्य निदान खोटं तरी नव्हतं. म्हणून प्रत्येक नव्या शीर्षकातल्या क्रियापदाला विचारायचं: हे आपण मोजलं का? दुरुस्त शीर्षक असं झालं:

> उघड्या पिंपांत २४ तासांनी क्लोरीन कमी उरला, झाकलेल्यांत जास्त

'मुंबईतील चाळींमधील' गेलं, कारण काम एकाच चाळीत झालं होतं. 'मुक्त अवशिष्ट' खालच्या तपशिलात गेलं. परीक्षक रसायनशास्त्राचे असतील तर ते तिथे शोधतील आणि त्यांना सापडेल.

माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधक विद्यार्थ्यानं २०१९ मध्ये पोस्टरच्या मधोमध एकच मोठं, साध्या भाषेतलं वाक्य टाकायची मांडणी सुचवली. ती खूप गाजली आणि आपल्याकडेही दिसते. पण लोक मांडणी उचलतात आणि त्या मोठ्या जागेत "क्लोरीनच्या ऱ्हासाचा तुलनात्मक अभ्यास" हेच फुटभर अक्षरांत छापतात. मांडणीच्या आधी वाक्य हवं. त्या मांडणीत तपशिलासाठी क्यूआर कोडही असतो. ठेवायला हरकत नाही, पण मुख्य आकडा त्याच्या मागे लपवू नका. कित्येक सभागृहांत मोबाइलला रेंज मिळत नाही.

तपासणी ४: निकालाच्या वाक्यात दिशा, आकडा आणि कशाशी तुलना

"लक्षणीय फरक आढळून येतो." कुणात जास्त? किती जास्त? जास्त म्हणजे कशाच्या मानानं? वाक्यात यातलं काहीच नाही. शिवाय 'लक्षणीय' हा शब्द संख्याशास्त्रातल्या अर्थानं वापरलाय आणि वाचणारा तो 'बराच' असा वाचतो. बारीकसा, कुणाच्या उपयोगाचा नसलेला फरकही संख्याशास्त्रात लक्षणीय ठरू शकतो. म्हणून हा शब्द पन्नास शब्दांतून काढा, पी-मूल्य तपशिलात द्या आणि फरक स्वतःच दाखवा.

कोष्टकात प्रत्येक वेळेची सरासरी तीन दशांशांपर्यंत दिलेली होती. सरासरी चुकीची नसते, पण उभ्या माणसाला ०.१३७ या आकड्याचं काय करायचं ते कळत नाही. त्याला एक रेघ लागते, जिच्या वर की खाली ते बघता येईल. अशी रेघ इथे तयार आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, क्लोरीन घातलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा असं आहे. मग सरासरीऐवजी मोजणीच करायची: किती पिंपं या रेघेखाली गेली?

> निकाल: लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी क्लोरीन: उघड्या १२ पैकी ९ पिंपांत, झाकलेल्या १२ पैकी २ पिंपांत.

हे वाक्य काकांना दाखवा. ते कागद न बघता परत सांगतील, कारण लक्षात ठेवायला दोनच जोड्या आहेत. "७५ टक्के विरुद्ध १६.६७ टक्के" असं लिहू नका. बारा पिंपांवर दोन दशांशांची टक्केवारी म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव, आणि नमुना किती लहान होता तेही त्यात झाकलं जातं. '१२ पैकी ९' म्हटलं की दोन्ही एकदम दिसतं. फिशरची अचूक कसोटी लावली तर या आकड्यांचं पी-मूल्य ०.०१२ येतं. ते तपशिलाच्या चौकटीत जाईल, कसोटीच्या नावासकट.

एक बारकावा. ते मानक ग्राहकाच्या टोकाला, म्हणजे नळावर तपासायचं आहे. घरात दिवसभर ठेवलेल्या पिंपासाठी ते लिहिलेलं नाही. म्हणून "पिंपं मानकात नापास" असं लिहिता येत नाही, रेघ तुलनेसाठी घेतली असं तपशिलात म्हणायचं. जाणकार परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि तुम्ही ते आधीच लिहिलेलं असेल तर बोलणं पुढे सरकतं.

तपासणी ५: पद्धत एका दमात

पद्धतीचं मूळ वाक्य मोठ्यानं वाचून बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. छोट्या वाक्यात ते गोडच वाटतं, पण "नमुने" पासून "करण्यात आले" पर्यंत तीन ओळी गेल्या की वाचणाऱ्याला सगळं मनात धरून ठेवावं लागतं. त्यात नकार असेल तर आणखी पंचाईत. "...यांच्यात कोणताही परस्परसंबंध असल्याचे आढळून आले नाही" हे वाक्य घाईत वाचणारा शेवटचा 'नाही' सोडून देतो आणि बरोबर उलटा निष्कर्ष घेऊन जातो. नकारात्मक निकाल असेल तर तो छोट्या वाक्यात आणि आधी सांगा.

'करण्यात आले' ही प्रबंधाची सवय आहे. 'संकलित करण्यात आले' ऐवजी 'घेतले', 'मापन करण्यात येऊन' ऐवजी 'मोजला'. गाइडना हे घरगुती वाटण्याची शक्यता आहे. त्यांना सांगा की प्रबंधात तसंच ठेवू, हे भिंतीसाठी आहे. बहुतेक गाइड ऐकतात.

उरवायच्या गोष्टी चार: काय मोजलं, किती ठिकाणी, कशाशी तुलना केली, किती वेळ. मूळ वाक्यात या चारांपैकी फक्त पहिली आहे. घरांची संख्या नाही, उघडी-झाकलेली अशी तुलना नाही, तासांच्या जागी 'विविध कालांतरे'. तीन ओळी लिहूनही तीन गोष्टी राहून गेल्या. उपकरणाचा मॉडेल नंबर, अभिकर्मकाची कंपनी, 'प्रमाणित कार्यपद्धतीनुसार' हे सगळं तपशिलाच्या चौकटीत. मूळ कामात सहा आणि बारा तासांनीही मोजलं होतं. तेही तिथेच, कारण शीर्षक २४ तासांबद्दल आहे.

> कसं पाहिलं: एका चाळीतली २४ घरं: १२ पिंपं उघडी, १२ झाकलेली. पाणी भरल्यावर लगेच आणि २४ तासांनी डीपीडीने क्लोरीन मोजला.

'डीपीडी' ठेवला, कारण त्या क्षेत्रातल्या माणसाला त्या एका शब्दात पद्धत कळते. ज्याला तो माहीत नाही त्याचं वाचताना काही अडत नाही. असा शब्द पन्नासात एखादा चालतो. तीन झाले की बाहेरचा माणूस वाचणं सोडतो.

शेवटी एक ओळ मर्यादेची, आणि ती निकालाच्या लगेच खाली:

> मर्यादा: झाकण घरच्यांनीच आधी निवडलेलं, जंतू तपासले नाहीत.

शीर्षकापासून इथपर्यंत चौकटींची नावं सोडून ४९ शब्द झाले. मर्यादा पन्नासात कशाला, असं मुलं विचारतात. कारण दावा मोठ्या अक्षरांत आणि मर्यादा तळाशी बारीक अक्षरांत असली तर अर्ध्या मिनिटात माणूस दावाच घेऊन जाणार. चाळीतली एखादी ताई ते वाचून घरी सांगेल, "झाकण आहे ना, मग पाणी उकळायला नको." तुमच्या मोजमापातून तसं निघत नाही.

तपासणी ६: आलेखावरचे शब्द

याला वेळ लागतो, कारण आलेख परत काढावा लागतो. आलेखाच्या वर "आकृती १: क्लोरीनचे प्रमाण" असं असेल तर तिथे निकालच लिहा: "२४ तासांनी बहुतेक उघडी पिंपं रेघेखाली". रंगांची सूची कोपऱ्यात न ठेवता 'उघडी', 'झाकलेली' हे शब्द थेट ठिपक्यांच्या शेजारी लिहा. डोळ्यांना दर वेळी कोपऱ्यात जाऊन परत यावं लागलं तर अर्धं मिनिट तिथेच संपतं. लाल-हिरवी जोडी टाळा, काही जणांना त्यातला फरक दिसत नाही. सरासरीचे दोन खांब काढण्यापेक्षा चोवीस ठिपके आणि ०.२ वर आडवी रेघ काढा. चोवीस मोजमापं असताना ती सगळी दाखवता येतात, आणि झाकलेल्यांतले ते दोन खाली गेलेले ठिपकेही लोकांना दिसतात. चांगले प्रश्न त्या दोन ठिपक्यांवरच येतात.

आता पुन्हा तपासणी १ करा, पण दुसऱ्या माणसावर. काकांना आता उत्तरं माहीत आहेत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

दोन-तीनदा लिहूनही शीर्षक एका वाक्यात बसत नसेल, दर वेळी 'आणि तसेच' येत असेल, तर दोष लिहिण्यात नाही. एका पोस्टरवर दोन अभ्यास कोंबले आहेत. कुठला ठेवायचा हे गाइडनी ठरवायचं, शब्द खरवडून ते सुटणार नाही.

निकालाचं वाक्य लिहिताना आकडा मिळेना, किंवा आकडा बदलला की म्हणणंही बदलायला लागलं, तर संख्याशास्त्र विभागाचं दार ठोठवा. विशेषतः एकाच पिंपातून चार वेळा नमुने घेऊन ती चार स्वतंत्र मोजमापं धरली असतील, किंवा चोवीस खोल्यांचं पाणी एकाच गच्चीवरच्या टाकीतून येत असेल, तर कसोटीच चुकलेली असण्याचा संभव आहे. "फरक आढळला नाही" असा निकाल असेल तरी जा. बारा-बारा पिंपांत फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, आणि तो नेमका कसा लिहायचा हे संख्याशास्त्रज्ञच नीट सांगेल.

मजकुरात 'आजार', 'सुरक्षित', 'विषारी' असे शब्द ठेवायचेच असतील, किंवा चाळीचं नाव, खोली नंबर, घराच्या दाराचे फोटो येत असतील, तर छापण्याआधी गाइडमार्फत नैतिकता समितीला विचारा. घरच्यांनी पाण्याचा नमुना द्यायला होकार दिला होता. स्वतःचं पिंप हॉलमध्ये लागावं याला दिला होता का, हे वेगळं विचारावं लागतं.

आणि मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, किंवा पोस्टर बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, तर रात्री बसून एकेक अक्षर दुरुस्त करू नका. एकीकडे नीट केलं की दुसरीकडे वेलांटी सरकते. डीटीपी करणाऱ्याकडे द्या, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ मागा, आणि फ्लेक्सवर जायच्या आधी दोन गोष्टी स्वतः बघा. 'ऱ्हास', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र जागेवर आहे का, कारण रूपांतरात तो हमखास तुटतो. आणि ०.२ मधला दशांश टिंब शाबूत आहे का. तो गळला तर रेघ लिटरमागे २ मिलिग्रॅमवर जाते आणि दोन्हीकडची बाराही पिंपं तिच्याखाली येतात.